गेन वाढवत नेला तर पोल कुठे जातात? एका फिरत्या प्लॅटफॉर्मचं प्रकरण

कॅमेरा बसवलेला एक फिरता प्लॅटफॉर्म आहे. खाली डीसी मोटर आणि गिअर, कोन मोजायला एन्कोडर आणि मोटरला करंट पुरवणारा अँप्लिफायर. काम साधंच: समोरचं लक्ष्य एकसारख्या वेगाने सरकत असताना कॅमेऱ्याने त्याच्याकडे बघत राहायचं. लक्ष्याचा कोनीय वेग सेकंदाला २० अंश धरला आहे. अपेक्षा तीन होत्या. माग काढताना कॅमेरा लक्ष्याच्या २ अंशांपेक्षा जास्त मागे राहू नये, नव्या कोनाची आज्ञा दिल्यावर तो सुमारे एका सेकंदात स्थिरावावा आणि ओव्हरशूट २० टक्क्यांच्या आत असावं.

जुळवणी करणाऱ्यांच्या हातात सुरुवातीला एकच गोष्ट होती, कंट्रोलरचा गेन. कमी गेनवर कॅमेरा आळशासारखा मागे रेंगाळत होता, म्हणून गेन वाढवला. फरक पडला, म्हणून आणखी वाढवला. काही अंतरापर्यंत सगळं सुधारत गेलं. मग मागे राहण्याचं प्रमाण घटत असतानाच स्थिरावायला लागणारा वेळ उलटा वाढू लागला, आणि शेवटी प्लॅटफॉर्म डावी-उजवीकडे डोलायला लागला. गेन वाढवला की सिस्टिम जलद होते हा समज इथे अर्धाच खरा ठरला. तो कुठपर्यंत खरा आणि नेमका कुठे मोडतो, हे रूट लोकसवर स्वच्छ दिसतं.

मॉडेल

कंट्रोलरचा गेन K धरून, आज्ञेपासून कोनापर्यंतचं मॉडेल असं निघालं:

```
G(s) = K / [ s (s + 4)(s + 20) ]
```

मूळ बिंदूवरचा पोल मोटरचा वेग कोनात रूपांतरित होतो त्यामुळे आलेला आहे. −४ वरचा पोल प्लॅटफॉर्मचं जडत्व आणि घर्षण यांचा, म्हणजे पाव सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट. −२० वरचा अँप्लिफायर आणि त्याच्या फिल्टरचा, टाइम कॉन्स्टंट ०.०५ सेकंद. फीडबॅक थेट आहे, त्यामुळे क्लोज्ड लूपचे पोल म्हणजे या समीकरणाची मुळं:

```
s³ + 24s² + 80s + K = 0
```

K शून्यापासून अनंतापर्यंत नेताना ही तीन मुळं ज्या वाटांनी सरकतात, त्या वाटा म्हणजे रूट लोकस. वॉल्टर इव्हान्स यांनी ही पद्धत १९४८ मध्ये मांडली. तेव्हा तिसऱ्या घाताचं समीकरण पंचवीस वेळा सोडवणं म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम होतं. पद्धतीतली खुबी हीच की समीकरण न सोडवता मुळांच्या वाटा कागदावर काढता येतात. आज संगणक क्षणात आलेख काढून देतो. तरीही नियम हाताशी असले की आलेख तसा *का* आला आणि काय बदललं तर तो कसा वळेल, हे कळतं. म्हणून हे प्रकरण आधी हाताने.

वाटा काढताना

K शून्य असताना क्लोज्ड लूपचे पोल ओपन लूपच्याच पोलवर बसलेले असतात: ०, −४ आणि −२०. K अनंताकडे गेला की वाटा ओपन लूपच्या झिरोंवर जाऊन संपतात. इथे एकही झिरो नाही, त्यामुळे तिन्ही वाटा अनंतात जाणार.

वास्तव अक्षाचा कोणता भाग लोकसवर आहे, हे ठरवायला त्या बिंदूच्या उजवीकडे अक्षावर किती पोल आणि झिरो आहेत ते मोजायचं. संख्या विषम आली तर तो भाग लोकसवर. ० आणि −४ यांच्या मधल्या बिंदूच्या उजवीकडे एकच पोल आहे, म्हणून हा पट्टा लोकसवर. −४ आणि −२० यांच्या मध्ये दोन, म्हणून नाही. −२० च्या डावीकडे तीन, म्हणून पुन्हा हो. म्हणजे −२० वाला पोल सरळ डावीकडे निघून जाणार, आणि ० व −४ वाले पोल एकमेकांकडे चालत येऊन कुठेतरी भेटणार.

भेटल्यावर ते वास्तव अक्ष सोडतात. त्या जागेला ब्रेकअवे पॉइंट म्हणतात. वास्तव अक्षावरच्या त्या पट्ट्यात K जिथे कमाल होतो ती ही जागा, म्हणून अवकलन करून शून्याशी समान धरायचं:

```
3s² + 48s + 80 = 0   →   s = −1.89  किंवा  −14.11
```

−१४.११ हे उत्तर −४ आणि −२० यांच्या मध्ये पडतं. तो पट्टा लोकसवर नाही, म्हणून ते टाकून द्यायचं. दोन्ही उत्तरं डोळे मिटून आलेखावर मांडली की पुढचं सगळं चित्र बिघडतं. खरा बिंदू −१.८९, आणि तिथे K ची किंमत तिन्ही पोलपासूनच्या अंतरांचा गुणाकार: १.८९ × २.११ × १८.११, म्हणजे सुमारे ७२.

अक्ष सोडल्यावर जोडी कुठे जाते, ते अनंतस्पर्शी रेषा सांगतात. पोल तीन, झिरो शून्य, म्हणून रेषा तीन: ६०°, १८०° आणि −६०°. वास्तव अक्षावर त्या जिथे मिळतात तो बिंदू पोलांच्या बेरजेला तीनने भागून मिळतो: −२४ भागिले ३, म्हणजे −८. ६०° च्या रेषा उजवीकडे कललेल्या आहेत, त्यामुळे जोडी आज ना उद्या काल्पनिक अक्ष ओलांडणार हे इथेच ठरतं. कुठे ओलांडणार, ते राउथच्या कसोटीने किंवा समीकरणात s = jω घालून काढता येतं. वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की:

```
ω² = 80  →  ω = 8.94 rad/s,    K = 24 × 80 = 1920
```

मिश्र पोल नसल्यामुळे वाट कोणत्या कोनाने निघते याचा नियम इथे लागत नाही, तो सोडून देऊ.

एक बिंदू लोकसवर आहे की नाही हे तपासायला मूळ अट पुरते: सगळ्या पोलपासून त्या बिंदूपर्यंतच्या कोनांची बेरीज, वजा झिरोंचे कोन, ही १८०° च्या विषम पटीत यायला हवी. समजा, ०.५ डॅम्पिंगची जोडी हवी आहे. मूळ बिंदूतून ऋण वास्तव अक्षाशी ६०° करणाऱ्या रेषेवर −१.६७ + j२.८९ हा बिंदू घेतला. ० वरच्या पोलपासून त्याचा कोन १२०.०°, −४ पासून ५१.१°, −२० पासून ८.९°. बेरीज १८०.०°. बिंदू लोकसवर आहे. आता K हवा तर तीन अंतरांचा गुणाकार करा: ३.३३ × ३.७१ × १८.५६, म्हणजे सुमारे २३०. एवढ्यात गेनही निघाला, ना कुठलं समीकरण सोडवावं लागलं ना संगणक.

गेनचा प्रवास

आता जुळवणीच्या टेबलावर जे घडलं ते या नकाशावर ठेवून पाहू.

K ४० असताना एक पोल −०.६१ वर आहे. तो सगळ्यात संथ, म्हणून प्रतिसादावर त्याचाच अंमल. प्लॅटफॉर्म साडेसहा सेकंदांनी स्थिरावतो, ओव्हरशूट नाही. माग काढताना राहणारा फरक, लक्ष्याचा वेग भागिले वेग-त्रुटी स्थिरांक Kv, या हिशोबाने निघतो; या सिस्टिमचा Kv म्हणजे K भागिले ८०. म्हणजे इथे Kv ०.५, आणि २० अंश प्रति सेकंद वेगाला मागे राहणं ४० अंश. कॅमेऱ्यात लक्ष्य दिसण्याचा प्रश्नच नाही.

गेन वाढवताना हा संथ पोल डावीकडे सरकतो. K ७२ ला तो −१.८९ वर दुसऱ्या पोलला भेटतो. हा टप्पा निव्वळ फायद्याचा आहे: जलदपणा वाढला, अचूकता वाढली, ओव्हरशूट अजूनही नाही. गेन वाढवा, सुधारेल हा अनुभव इथेच पक्का होतो. आणि फसगतही इथेच सुरू होते.

K २३० ला जोडी −१.६७ ± j२.८९ वर आहे. ओव्हरशूट १६ टक्के, स्थिरावायला सुमारे २.४ सेकंद, मागे राहणं ७ अंश. ओव्हरशूटची अट भागली. बाकी दोन्ही अटी अजून दूर.

२ अंशांच्या अटीसाठी Kv १० हवा, म्हणजे K ८००. तो लावल्यावर पोल असे येतात: −२२.०२, आणि −०.९९ ± j५.९५. डॅम्पिंग ०.१६, ओव्हरशूट ५९ टक्के, आणि स्थिरावायला चार सेकंद. वर जायचा वेग वाढला हे खरं, कारण जोडी मूळ बिंदूपासून आणखी दूर गेली आहे. पण दोलनं विझवायची ताकद जोडीच्या वास्तव भागात असते, आणि तो −१.८९ वरून −०.९९ वर आला. प्लॅटफॉर्म लक्ष्यापाशी चटकन पोचतो आणि मग तिथे बराच वेळ हेलकावे खातो. K १९२० ला वास्तव भाग शून्य. त्यापुढे दोलनं वाढत जातात.

पडताळा घ्यायचा असेल तर एवढं पुरे:

```python
import numpy as np
for K in (40, 72, 230, 800, 1920):
    print(K, np.roots([1, 24, 80, K]))
```

आता मुद्द्याची गोष्ट. छापून आलेल्या प्रत्येक ओळीतल्या तीन मुळांची बेरीज करून पाहा. दर वेळी −२४ च येते. समीकरणात K फक्त शेवटच्या पदात आहे. s² चा सहगुणक २४ हा K ला ओळखतच नाही, आणि मुळांची बेरीज त्या सहगुणकाने ठरते. म्हणजे गेन पोलांना हलवू शकतो, पण त्यांचा गुरुत्वमध्य हलवू शकत नाही. तिसरा पोल −२० वरून −२२ वर दोन एकक डावीकडे गेला, तर जोडीने मिळून तेवढंच उजवीकडे यायलाच हवं. K १९२० ला तिसरा पोल −२४ वर असतो, म्हणजे अख्खी शिल्लक त्याने नेलेली असते आणि जोडीकडे शून्य उरतं.

पोलांची संख्या झिरोंपेक्षा किमान दोनने जास्त असली की ही बेरीज नेहमी कायम राहते. म्हणून आलेख काढण्याआधीच एक प्रश्न विचारून ठेवण्यासारखा आहे: दूरचा पोल कुठे चाललाय? तो डावीकडे पळत असेल तर जवळची जोडी उजवीकडे येणारच, गेन कितीही काळजीपूर्वक वाढवा. अनंतस्पर्शी रेषांचा छेदबिंदू −८ वर येतो तेही याच बेरजेमुळे, फक्त तीनने भागलेली.

याचा अर्थ असा की निव्वळ गेनने या तीन अटी एकत्र कधीच पुऱ्या होणार नाहीत. एका सेकंदात स्थिरावायला जोडीचा वास्तव भाग −४ च्या डावीकडे हवा. पण अक्ष सोडल्यानंतरची आख्खी वाट −१.८९ च्या उजवीकडेच आहे. नॉब फिरवत राहण्यात तासन् तास घालवले तरी जी जागा वाटेवरच नाही तिथे पोल पोचणार नाही. वाटच बदलायला हवी.

वाट वळवणं

पोल हवेत −७.९ ± j११.२ च्या आसपास. तिथे जुन्या सिस्टिमचे कोन मोजले तर ० पासून १२५°, −४ पासून १०९° आणि −२० पासून ४३°, एकूण २७७°. हवेत १८०°. म्हणजे ९७° जास्तीचे आहेत आणि ते कुणीतरी वजा करायला हवेत. कोन वजा करतो तो झिरो. एकटा झिरो प्रत्यक्षात बांधता येत नाही, त्याच्यासोबत एक पोल येतोच. तो पुरेसा दूर ठेवला की फारसं नुकसान करत नाही. हाच लीड कॉम्पेन्सेटर, गेन K आता त्याच्यातच धरलेला:

```
C(s) = K (s + 4) / (s + 60)
```

झिरो मुद्दाम −४ वर ठेवला, जडत्वाच्या पोलच्या डोक्यावर. हव्या त्या बिंदूपाशी झिरो १०९° वजा करतो, −६० चा पोल १२° परत घालतो. निव्वळ ९७°. हिशोब बसला.

झिरो आणि पोल एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे लोकस पुन्हा तीन पोलांचाच राहतो, पण आता ते ०, −२० आणि −६० वर आहेत. बेरीज −२४ ऐवजी −८०. तीच सगळी कमाई. अनंतस्पर्शी रेषांचा छेद −८ वरून −२६.७ वर गेला, ब्रेकअवे −१.८९ वरून −९.०३ वर. गुरुत्वमध्य डावीकडे सरकला म्हणून जोडीला डावीकडे राहायला जागा मिळाली.

नवा Kv म्हणजे K भागिले १२००, तेव्हा १० साठी K १२०००. पोल येतात −६४.२ आणि −७.८९ ± j११.१६. डॅम्पिंग ०.५८, ओव्हरशूट सुमारे ११ टक्के, स्थिरावायला अर्धा सेकंद, मागे राहणं २ अंश. काल्पनिक अक्ष ओलांडायला K ९६००० लागेल, म्हणजे गेनमध्ये आठपट वाव. जुन्या सिस्टिममध्ये Kv १० असताना हाच वाव २.४ पट होता.

आकडे छान दिसतात, पण फुकट काही मिळालेलं नाही. कमी फ्रिक्वेन्सीवर या कंट्रोलरचा गेन १२००० × ४ ÷ ६० म्हणजे ८०० आहे, आणि जास्त फ्रिक्वेन्सीवर १२०००. पंधरापट. एन्कोडरच्या पायऱ्यांमुळे सिग्नलमध्ये जी बारीक खरखर असते ती पंधरापट होऊन अँप्लिफायरकडे जाते, आणि मोटर स्थिर उभी असतानाही गुणगुणते. −६० चा पोल आणखी दूर, समजा −२०० वर नेला तर कागदावर लोकस आणखी देखणा होतो, पण खरखर पन्नासपट. माझ्या मते दहा ते पंधराच्या पलीकडे हे गुणोत्तर नेण्याआधी एन्कोडर बदलण्याचा विचार करावा.

कागद आणि टेबल यांतला फरक

जुन्या कंट्रोलरवर K १९२० च्या पुढे नेला तेव्हा लोकसच्या भाषेत दोलनं अनंतापर्यंत वाढायला हवी होती. प्रत्यक्षात प्लॅटफॉर्म ठरावीक रुंदीने डोलत राहिला. याचं कारण अँप्लिफायरची मर्यादा. दोलन मोठं झालं की अँप्लिफायर त्याची टोकं कापतो, आणि कापलेल्या सिग्नलसाठी परिणामी गेन कमी भरतो. दोलन जितकं मोठं, तितका परिणामी गेन कमी. म्हणजे पोल लोकसवरून मागे मागे येतात आणि बरोबर काल्पनिक अक्षावर येऊन थांबतात, जिथे परिणामी गेन १९२० होतो.

या डोलण्याचा उपयोग करून घेता येतो. अक्ष ओलांडण्याची फ्रिक्वेन्सी ८.९४ rad/s, म्हणजे १.४२ हर्ट्झ, सेकंदाला जेमतेम दीड हेलकावा. स्टॉपवॉच लावून दहा हेलकाव्यांना सात सेकंद लागले तर मॉडेल विश्वासाचं आहे. नऊ सेकंद लागले, तर मॉडेलमध्ये न धरलेला विलंब कुठेतरी आहे; बहुतेक वेळा तो डिजिटल कंट्रोलरच्या सॅम्पलिंगमध्ये सापडतो. २० मिलिसेकंदांचा विलंब या फ्रिक्वेन्सीवर १०° खातो. नव्या कंट्रोलरची फ्रिक्वेन्सी जास्त असल्यामुळे तिथे हाच विलंब जास्त कोन खाईल, आणि आठपट वाव कागदावरच राहील. लीड जोडण्याआधी ही तपासणी उरकून घेतलेली बरी.

दुसरी गोष्ट त्या −४ वरच्या झिरोची. प्लॅटफॉर्मवर जड लेन्स लावली की जडत्व वाढतं आणि खरा पोल −४ ऐवजी −३.४ वर येतो. झिरो मात्र −४ वरच आहे. अशा वेळी क्लोज्ड लूपमध्ये झिरोच्या अगदी शेजारी एक संथ पोल उरतो. आज्ञेच्या प्रतिसादात त्याचा वाटा लहान असतो: वक्र झटकन वर जातो, लक्ष्य ओलांडतो आणि शेवटचे एक-दोन टक्के रेंगाळत खाली उतरतो. ही शेपटी दिसली की गेनकडे हात नेऊ नये, झिरोची जागा तपासावी.

झिरो अगदी बरोबर बसवला तरी हा पोल नाहीसा होत नाही, तो फक्त आज्ञेच्या वाटेवरून दिसेनासा होतो. वारा प्लॅटफॉर्मला ढकलतो ती वाट वेगळी आहे. ते बल कंट्रोलरच्या झिरोतून न जाता थेट यंत्रावर येतं, त्यामुळे त्या प्रतिसादात −४ चा पोल शाबूत असतो. आज्ञेला अर्ध्या सेकंदात स्थिरावणारा हा प्लॅटफॉर्म वाऱ्याच्या धक्क्यानंतर जागेवर यायला सुमारे एक सेकंद घेतो. इथे तेवढं चालण्यासारखं होतं. चालत नसेल, तर झिरो −४ च्या थोडा डावीकडे, −६ वगैरे ठेवून लोकस पुन्हा काढावा लागतो, आणि तेव्हा ० आणि −४ च्या मधला पट्टा, नवा ब्रेकअवे आणि झिरोकडे येणारी −२० ची वाट, हे सगळं नव्याने मोजावं लागतं.